कॅटलेज: अर्क पातळ केला की ॲक्टिव्हिटी दुप्पट येते. पेरॉक्साइड किती घ्यायचं आणि वेळ कुठून मोजायची?

हिरवेपान

पानांच्या अर्कातलं कॅटलेज २४० नॅनोमीटरला मोजतेय. अर्धा ग्रॅम पान, ५ मिली थंड फॉस्फेट बफर (५० मिलीमोलर, पीएच ७.०), वाटून सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी बर्फावर. क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये २.९ मिली पेरॉक्साइडवालं बफर, त्यात ०.१ मिली अर्क. अर्क घातल्यावर पेरॉक्साइड साधारण १० मिलीमोलर राहतं, म्हणजे सुरुवातीचा ॲबसॉर्बन्स ०.४२० धरलाय. ब्लँकमध्ये पेरॉक्साइड नाही, पण तेवढाच आणि तितकाच पातळ अर्क आहे.

अर्क घातला, पॅराफिल्म लावून दोनदा उलटा केला, झाकण लावलं आणि स्टार्ट दाबलं. यात १२ सेकंद जातात. स्टार्टपासूनची रीडिंग्ज:

मूळ अर्क: ० से. ०.३२७, १५ से. ०.२३९, ३० से. ०.१७५, ४५ से. ०.१३४, ६० से. ०.१०८

दहापट पातळ अर्क: ० से. ०.४१०, १५ से. ०.३९७, ३० से. ०.३८५, ४५ से. ०.३७३, ६० से. ०.३६१

मूळ अर्काची मिनिटाची घट ०.२१९. पातळ अर्काची ०.०४९, म्हणजे दहाने गुणून ०.४९. तोच अर्क पातळ केल्यावर दुपटीहून जास्त कसा येतो? अर्कात एखादा इन्हिबिटर असेल का, जो पातळ केल्यावर निष्प्रभ होतो? दुसरं म्हणजे, पेरॉक्साइड २० मिलीमोलर केलं तर उतार जवळजवळ दुप्पट येतो. मग खरी ॲक्टिव्हिटी कोणती धरायची?

सरळरेषा

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे: सबस्ट्रेट कमी पडतंय. कुठल्याही एन्झाइमची ॲक्टिव्हिटी मोजताना सबस्ट्रेट केएमच्या निदान दहापट हवं, म्हणजे वेग सबस्ट्रेटवर अवलंबून राहत नाही आणि उतार सरळ येतो. तुमचं १० वरून २० केल्यावर वेग दुप्पट होतोय, म्हणजे तुम्ही संपृक्ततेच्या खूप खाली आहात. पेरॉक्साइड १०० मिलीमोलर करून बघा.

फेसाळ

आम्ही यीस्टचं कॅटलेज करतो तेव्हा सिरिंजमध्ये ऑक्सिजनचं आकारमान मोजतो. ३ टक्के पेरॉक्साइड घेतो आणि कधीच अडचण येत नाही. ॲबसॉर्बन्सच्या भानगडीत न पडता वायू मोजला तर चालणार नाही का?

मोलर

सरळरेषा, निदान बरोबर आहे, पण औषध या एन्झाइमला लागू पडत नाही. कॅटलेजचा दिसणारा केएम इतका वर आहे (पानांच्या कॅटलेजचे आकडे दहाच्या कित्येक पट मिलीमोलरचे, गाईच्या यकृतातल्याचा तर मोलरच्या आसपास) की त्याच्या दहापट जायचं म्हटलं तर तीन अडचणी एकदम येतात. पहिली साधी आहे. २४० ला पेरॉक्साइडचा मोलर गुणांक ४३.६ धरतात. १०० मिलीमोलरला ॲबसॉर्बन्स ४.३६ होतो, आणि तिथे स्पेक्ट्रोफोटोमीटर जे दाखवतो ते भरकटलेल्या प्रकाशाचं रीडिंग असतं. २ मिमीचं क्युव्हेट घेऊन ही अडचण टाळता येईल. पण दुसरी टळत नाही: ०.१ मोलरच्या पुढे पेरॉक्साइड स्वतःच कॅटलेजला वेगाने निकामी करतं. तिसरी म्हणजे ऑक्सिजन. फेसाळ ज्याचं आकारमान मोजतात तोच वायू इथे प्रकाशाच्या वाटेत येतो.

म्हणून कॅटलेजच्या बाबतीत वेग सबस्ट्रेटवर अवलंबून राहणारच, हे गृहीत धरूनच पद्धत बसवलेली आहे. एबी यांच्या पद्धतीत १० मिलीमोलर घेतात ते याच तडजोडीतून: ०.४ च्या आसपासचं रीडिंग उपकरणाच्या सोयीच्या टप्प्यात बसतं, एन्झाइम टिकतं, आणि थोडी टक्केवारी घटली तरी ती नीट दिसते.

आता हिरवेपान यांची रीडिंग्ज. इतक्या खालच्या पेरॉक्साइडला अभिक्रिया पहिल्या क्रमाची असते: जेवढं शिल्लक, तेवढ्या प्रमाणात वेग. मग मिनिटाची घट मोजण्यापेक्षा लॉग घ्या:

```
k = ln(A1/A2) / (t2 - t1)

मूळ अर्क, ०-३० से.:   ln(0.327/0.175) / 30 = 0.0208
पातळ अर्क, ०-६० से.:  ln(0.410/0.361) / 60 = 0.0021
```

दहाने गुणा. दोन्ही सारखे आले. इन्हिबिटर वगैरे काही नाही. मूळ अर्कात तुमचं पेरॉक्साइड स्टार्ट दाबायच्या आधीच ०.४२० वरून ०.३२७ पर्यंत आलं होतं, आणि पुढच्या मिनिटात उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग संपला. त्या मिनिटाचा सरासरी उतार हा ‘सुरुवातीचा वेग’ नव्हताच.

हिरवेपान

हे लख्ख कळलं. मग मूळ अर्क घेऊनसुद्धा लॉग काढला की काम होतं ना? पातळ करायची गरज काय?

मोलर

गरज आहे, आणि ती तुमच्याच रीडिंग्जमध्ये दिसतेय. मूळ अर्काचा लॉग पहिल्या ३० सेकंदांत ०.०२०८ येतो, पण नंतरच्या ३० सेकंदांत ln(०.१७५/०.१०८) भागिले ३०, म्हणजे ०.०१६. एकच k पूर्ण मिनिटभर टिकत नाही. पहिला क्रम तंतोतंत असता तर ६० सेकंदांना ०.०९३ यायला हवं होतं, तुमचं ०.१०८ आलंय. काहीतरी वरून मिसळतंय किंवा एन्झाइम मरतंय.

शिवाय हिशोब असा बघा. सुरुवातीचा वेग म्हणायचा तर पेरॉक्साइडची घट १० टक्क्यांच्या आत असलेली बरी. १० टक्के घटायला लागणारा वेळ म्हणजे ०.१०५ भागिले k. तुमच्या पातळ अर्काला तो ५० सेकंद येतो. मूळ अर्काला ५ सेकंद. तुमचं झाकण लागायलाच १२ सेकंद लागतात, म्हणजे मूळ अर्काची सुरुवात त्या क्युव्हेटमध्ये कुणाला दिसूच शकत नाही.

माझा नियम असा: मिनिटाची घट ०.०३ ते ०.०६ यावी इतका अर्क पातळ करायचा. ०.०१ च्या खाली गेलं की उपकरणाचा गोंगाट आणि सावकाश सरकणारी बेसलाइन उताराच्या बरोबरीला येतात. वर गेलं की तुम्ही सुरुवात चुकवता.

सरळरेषा

१०० मिलीमोलरबद्दलचं म्हणणं मान्य. पण २० ला तर हरकत नाही ना? ॲबसॉर्बन्स ०.८७, उतार दुप्पट, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलही दुप्पट.

मोलर

बऱ्याच जुन्या प्रयोगांत १९-२० च घेतलेलं आहे, त्यामुळे चूक म्हणता येणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ०.८७ ला डिटेक्टरपर्यंत पोचणारा प्रकाश १३ टक्के उरतो, ०.४२ ला ३८ टक्के. २४० ला दिव्याचा प्रकाश आधीच कमी असतो, त्यामुळे जुन्या दिव्यावर गोंगाटही वाढतो आणि दुपटीचा सगळा फायदा हाती येत नाही. आणि दर सेकंदाला निघणारा ऑक्सिजन दुप्पट होतो, म्हणजे बुडबुडे लवकर येतात.

हिरवेपान, तुम्ही ५, १० आणि २० अशा तिन्हींवर त्याच पातळ अर्काचा k काढून बघा. सारखा आला तर कुठलंही घ्या. २० ला k खाली घसरला तर तुमच्या पानाचं कॅटलेज तिथे थोडं संपृक्ततेकडे झुकतंय किंवा निकामी होतंय. अशा वेळी १० वरच थांबा.

निळीशाई

माझी केस वेगळी आहे. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर घेऊन करतो. प्लेट रीडर पहिलं रीडिंग घ्यायला २५-३० सेकंद लावतो. ॲबसॉर्बन्स तर भलताच येतो, नुसत्या बफरला १ च्या वर. गुणांक ४३.६ वापरून उत्तर काही पटत नाही.

मोलर

निळीशाई, नुसत्या बफरला १ च्या वर येतंय म्हणजे प्लेट साध्या पॉलिस्टायरीनची आहे. ती २४० ला प्रकाश गिळते, साध्या काचेचं क्युव्हेटही तेच करतं. यूव्हीसाठीची प्लेट लागेल. २०० मायक्रोलिटरला प्रकाशाची वाट १ सेंमी नसते, अर्ध्याच्या आसपास असते, म्हणून ४३.६ थेट वापरून चालत नाही. k ला मात्र ना वाट लागते ना गुणांक, कारण दोन ॲबसॉर्बन्सचा भागाकार घेताना दोन्ही कटतात. तुमच्यासाठी k च सोयीचा. फक्त ब्लँक अचूक हवा: शून्य ०.०२ ने जरी चुकलं तरी भागाकार बिघडतो, आणि ॲबसॉर्बन्स खाली येईल तसा जास्त बिघडतो.

३० सेकंदांच्या उशिरासाठी अर्क इतका पातळ करा की ३० सेकंदांत पेरॉक्साइडची ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट होणार नाही. म्हणजे k ०.००१७ च्या खाली हवा.

दशांश

k सांगणं सोपं आहे, पण वाचणाऱ्याला युनिट हवं असतं: मिनिटाला किती मायक्रोमोल पेरॉक्साइड फुटलं. आणि तिथेच गोंधळ होतो. हिरवेपान यांच्या पातळ अर्कावर दोन्ही रीतींनी काढून दाखवतो. मी चार दशांशांपर्यंतची घट ०.०४८३ धरतोय.

उताराने: ०.०४८३ भागिले ४३.६, म्हणजे मिनिटाला १.१०८ मिलीमोलर. क्युव्हेटमध्ये ३ मिली, म्हणून ३.३२ मायक्रोमोल. हे ०.१ मिली पातळ अर्काचं, म्हणजे मिलीला ३३.२, आणि दहापट पातळ म्हणून मूळ अर्काच्या मिलीला ३३२ युनिट.

k ने: ०.००२०९ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला ०.१२५४. पेरॉक्साइड बरोबर १० मिलीमोलर असताना वेग १.२५४ मिलीमोलर. तोच हिशोब पुढे नेला की ३७६ युनिट.

यातला १२ टक्क्यांचा फरक हवेतून आलेला नाही. मोजलेल्या त्या मिनिटात पेरॉक्साइडची सरासरी ८.८४ मिलीमोलर होती, आणि ३७६ ला ०.८८४ ने गुणलं की ३३२ मिळतात. म्हणून कुठलाही आकडा द्या, पण ‘किती पेरॉक्साइडला’ हे शेजारी लिहिलंच पाहिजे. नाहीतर दोन प्रयोगशाळांचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

मोलर

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. कॅटलेजसाठी युनिट हा शब्दच दिशाभूल करतो, कारण त्यातून संपृक्त वेग असल्याचा भास होतो. मी k प्रति मिलीग्रॅम प्रोटीन देतो आणि थांबतो.

दशांश

पण बाकी एन्झाइमांच्या शेजारी तक्ता मांडायचा असेल तर k कुठे बसवणार? १० मिलीमोलरला काढलेलं युनिट असं स्पष्ट लिहिलं की दिशाभूल होत नाही.

हिरवेपान

माझ्या तक्त्यात बाकीची एन्झाइमं आहेत, त्यामुळे मी दोन्ही देईन.

आता पेरॉक्साइडच्या बाटलीबद्दल. बाटलीवर ३० टक्के लिहिलंय. १०० मिली बफरमध्ये ०.१ मिली घातलं की १० मिलीमोलर व्हायला हवं ना? मला ०.४२७ मिळायच्या ऐवजी ०.३८ मिळतं.

मोलर

वजनाने ३० टक्के असेल तर ते ९.८ मोलर असतं. वजन प्रति आकारमान असेल तर ८.८ मोलर. ०.३८ म्हणजे ८.७ मिलीमोलर, त्यामुळे बाटली दुसऱ्या प्रकारची असू शकते किंवा उघडझाप होऊन उतरलेली. लेबलवर विसंबू नका, ॲबसॉर्बन्सवर विसंबा. पेरॉक्साइडवालं बफर ०.४३४ ला आणून ठेवा. मग २.९ मिलीमध्ये ०.१ मिली अर्क गेल्यावर ते ०.४२० होतं. कमी भरलं तर मूळ पेरॉक्साइडचे १०-१० मायक्रोलिटर वाढवत जा, प्रत्येक वेळी ढवळून वाचा. हे बफर दिवसाच्या दिवस बनवायचं, आणि दर तासाला एकदा वाचून बघायचं.

३० टक्क्यांचं कातडीवर लागलं की पांढरा डाग पडतो आणि भाजतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा. काढलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. पिपेटच्या टोकावर अर्काचा अंश असला तर बाटलीतलं सगळंच फुटायला लागतं.

फेसाळ

बुडबुडे किती निघतात यावर कुणी आकडा दिलाच नाही. दोन पेरॉक्साइडमधून एक ऑक्सिजन निघतो. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात २५ अंशांना ऑक्सिजन ०.२६ मिलीमोलर असतो, शुद्ध ऑक्सिजनखाली सव्वाच्या आसपास. हिरवेपान यांच्या मूळ अर्कात ७ मिलीमोलरच्या वर पेरॉक्साइड फुटलंय, म्हणजे साडेतीन मिलीमोलर ऑक्सिजन. तो पाण्यात मावत नाही. क्युव्हेटच्या भिंतीला चिकटलेले ठिपके दिसत असणार.

मोलर

फेसाळ, हा मुद्दा मोलाचा आहे. उलट पातळ अर्कात मिनिटाभरात फुटलेलं पेरॉक्साइड १.१ मिलीमोलर, म्हणजे ऑक्सिजन अर्ध्या मिलीमोलरच्या वर जेमतेम. बुडबुडे धरायला तेवढ्यात वेळ मिळत नाही.

बुडबुडे आहेत की नाही हे ओळखायची सोपी रीत: तीच अभिक्रिया पुन्हा करा, पण २४० ऐवजी ४०० नॅनोमीटरला बघा. तिथे पेरॉक्साइड काही शोषत नाही, त्यामुळे रीडिंग स्थिर राहायला हवं. वर चढलं तर ती चढ बुडबुड्यांची. आणि एन्झाइम मरतंय का हे बघायचं तर अभिक्रिया संपू द्या, क्युव्हेटला टिचकी मारून बुडबुडे झाडा, मग १ मोलर पेरॉक्साइडचे ३० मायक्रोलिटर घाला. पुन्हा १० मिलीमोलर होतं. दुसऱ्या फेरीचा k पहिल्याशी ताडून बघा.

हिरवेपान

दोन्ही केलं, मूळ अर्कावर. ४०० ला ६० सेकंदांत ०.००९ चढलं, सुरुवातीच्या १५ सेकंदांत काहीच नाही. भिंतीला बारीक ठिपके होतेच, तळाकडे जास्त. दुसऱ्या फेरीचा k ०.०१८८ आला, पहिल्याचा ०.०२०८ होता. ५, १०, २० ची तुलनाही केली, पातळ अर्कावर: ०.००२१, ०.००२१, ०.००१९.

मोलर

छान जुळतंय. ०.१०८ मधून बुडबुड्यांचे ०.००९ काढले की ०.०९९ उरतात. अपेक्षित ०.०९३ होतं. k जर मिनिटभरात सरासरी ५ टक्क्यांनी खाली असेल तर ०.०९९ च येतं, आणि दुसऱ्या फेरीत तुम्हाला १० टक्के घट दिसलीच आहे. म्हणजे वाकडेपणाचा मोठा भाग बुडबुड्यांचा, उरलेला एन्झाइमच्या घसरणीचा. तुमचं पान १० मिलीमोलरवरच ठेवा, २० ला k ढळायला लागलाय.

सरळरेषा

पण ती १० टक्के घट पेरॉक्साइडमुळेच झाली हे कशावरून? कॅटलेज चार उपघटकांचं असतं आणि खूप पातळ द्रावणात ते सुटं होऊन निकामी होतं असं ऐकलंय. क्युव्हेटमध्ये अर्क तीसपट पातळ झालाय, आणि अभिक्रिया संपेपर्यंत तो तसाच बसलाय. पेरॉक्साइडचा संबंध नसेलही.

मोलर

शंका रास्त आहे. वेगळं करायला एकच उपाय: २.९ मिली पेरॉक्साइड नसलेल्या बफरमध्ये अर्क घालून तेवढाच वेळ थांबायचं, मग ३० मायक्रोलिटर पेरॉक्साइड घालून k काढायचा. तोही ०.०१८८ आला तर तुमचं म्हणणं खरं. ०.०२०८ आला तर पेरॉक्साइडचा दोष. पातळ अर्काच्या बाबतीत तर हे जास्तच महत्त्वाचं, म्हणून दहापटीचं पातळीकरण (५० मायक्रोलिटर अर्क, ४५० बफर) सगळ्या सॅम्पल्सचं एकदम करून ठेवू नका. एकेक सॅम्पल मोजायच्या आधी लगेच करा आणि ते बर्फावरच असू द्या.

दशांश

त्यात एक भर: बर्फावरचं ०.१ मिली चालतं, पण पेरॉक्साइडवालं बफर फ्रिजमधून थेट वापरू नका. क्युव्हेटच्या बाहेर धुकं धरतं आणि २४० चं रीडिंग हळूहळू सरकतं. बफर खोलीच्या तापमानाला आणून ठेवा. कॅटलेजचा वेग तापमानाने फारसा बदलत नाही, त्यामुळे एखाद्या अंशाच्या फरकाने काही बिघडणार नाही.

निळीशाई

यूव्हीची प्लेट मिळाली. बफरचा ॲबसॉर्बन्स आता ०.०६. अर्क शंभरपट पातळ केल्यावर k ०.००१५ येतोय, पण शेजारशेजारच्या तीन खाचांत ०.००१२ ते ०.००१७ असा फरक पडतो. हे पिपेटिंगचं की मिसळण्याचं?

मोलर

आठ टोकांच्या पिपेटने अर्क आधी खाचेत आणि पेरॉक्साइडवालं बफर नंतर, असा क्रम लावून बघा. मोठं आकारमान वरून पडलं की मिसळायचं काम तेच करतं. १० मायक्रोलिटर अर्क वरून सोडला तर तो तळाशी बसतो, आणि रीडरचं हलवणं त्याला पुरत नाही. क्रम बदलूनही फरक तितकाच राहिला तर मग पिपेट तपासा.

हिरवेपान

सरळरेषा यांनी सुचवलेलं नियंत्रण उद्या लावते. एक विचारायचं राहिलं: शून्य वेळ म्हणून मी अर्क घातलेला क्षण घेऊ की स्टार्ट दाबलेला?

मोलर

k साठी फरक पडत नाही, कुठलीही दोन रीडिंग्ज चालतात. उताराने युनिट काढत असाल तर अर्क पडल्याच्या क्षणी स्टॉपवॉच लावा आणि पहिल्या रीडिंगची वेळ वहीत लिहा. मग रेषा मागे वाढवून शून्याला किती येतं ते बघा. तुमच्या पातळ अर्कात ०.४१० वरून मागे गेलं की ०.४२० यायला हवं. ०.४१५ च्या खाली आलं तर दोष बहुधा पेरॉक्साइडच्या बफरचा आहे, एन्झाइमचा नाही.